जादा ३७८ ओळी आणि पावणेपाच लाखांची विक्री

२ जुलै २०२० रोजी ब्रिटन सरकारच्या डॅशबोर्डवरची कोरोनाबाधितांची एकूण संख्या एकाएकी खाली आली. आदल्या दिवसापर्यंतच्या बेरजेत नवे रुग्ण मिळवून जो आकडा यायला हवा होता, त्याहून तो ३०,३०२ ने कमी भरला. वेल्समधल्या काही जुन्या नोंदींची दुरुस्ती त्यात होती, पण मुख्य कारण दुसरंच होतं. रुग्णालयांतल्या चाचण्या एका यादीत जात होत्या आणि बाहेर, सर्वसामान्यांच्या होणाऱ्या चाचण्या दुसऱ्या यादीत. आधी बाहेर नमुना दिलेला आणि पुढे रुग्णालयात पुन्हा पॉझिटिव्ह आलेला माणूस दोन्हीकडे होता. याद्या एकत्र मोजल्या की त्या एका माणसाची दोन माणसं होत. पुढच्याच महिन्यात, १२ ऑगस्टला, तिथल्या चाचण्यांच्या एकूण संख्येतून सुमारे १३ लाख चाचण्या वजा कराव्या लागल्या. काही किट पाठवताना एकदा आणि प्रयोगशाळेत तपासल्यावर परत एकदा, असे दोनदा मोजले गेले होते.

सरकारी आकड्यांचं असं काही झालं की त्याची बातमी होते. कंपन्यांमध्ये हाच प्रकार कितीतरी साध्या कारणांनी होत असतो आणि त्याची बातमी होत नाही. विक्रीचा आकडा फुगतो, बैठकीत टाळ्या पडतात, आणि काही आठवड्यांनी हिशेब खात्यातलं कुणीतरी विचारतं की हे पैसे बँकेत कुठे दिसत नाहीत ते? फुगवटा बहुतेक वेळा डेटा टीमच्या आधी बाहेरच्याच माणसाला दिसतो, कारण तो आकडा रोज वापरणारा तोच असतो. मग तो डेटा टीमला मेसेज टाकतो: ‘डॅशबोर्ड चुकीचा दाखवतोय, जरा चेक करा ना.’

या मेसेजचं पुढे काय होतं ते कुठल्याही डेटा टीममधल्या माणसाला विचारावं. कोणता डॅशबोर्ड? त्यातला कोणता आकडा? कधीपासूनचा? चुकीचा म्हणजे कशाच्या तुलनेत? एकेका प्रश्नाला अर्धा दिवस, असं करत दोन दिवस निघून जातात. तोवर फुगलेला आकडा कुणाच्या तरी सादरीकरणात जाऊन बसलेला असतो. वास्तविक चूक शोधण्याचं निम्मं काम मेसेज लिहिणाऱ्यालाच करता येतं, आणि त्यासाठी प्रोग्रामर असावं लागत नाही. ते कसं, हे एका नमुन्याच्या उदाहरणातून बघू. दुकानं काल्पनिक आहेत आणि आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून घेतलेले आहेत. चूक मात्र या क्षेत्रात सगळ्यांत जास्त वेळा भेटणाऱ्या चुकांपैकी एक आहे.

पुण्यात मिठाई-फरसाणाची काही दुकानं असलेली एक कंपनी समजा. दिवाळीच्या तोंडावरचा आठवडा, सोमवार ६ ऑक्टोबर ते रविवार १२ ऑक्टोबर २०२५. डॅशबोर्डवर त्या आठवड्याची विक्री दिसते २५,७५,२०० रुपये, बिलं ४,२०० आणि सरासरी बिल ६१३ रुपयांचं. आदल्या आठवड्यांत सरासरी बिल पाचशेच्या आसपास असे. विक्री विभागात आनंदीआनंद! दिवाळी आहे, लोक मोठ्या खरेद्या करतायत, काजूकतलीचे बॉक्स जातायत. आकडा चुकीचा असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण त्याला एक पटण्यासारखं कारण तयार होतं. शिवाय बिलांची संख्या दुकानांनी फोनवर सांगितलेल्या संख्येशी तंतोतंत जुळत होती.

खरेदी विभागातल्या एका विश्लेषक बाईंना पुढच्या आठवड्याचा खवा, तूप आणि बेसन किती मागवायचं ते ठरवायचं होतं. त्यांनी सोमवारी सकाळी बिलिंग यंत्रणेतून त्याच सात दिवसांचा अहवाल काढला. त्यात विक्री होती २१,००,००० रुपये, आणि बिलं तीच, ४,२००. फरक ४,७५,२०० रुपयांचा.

इथे लगेच मेसेज टाकायचा मोह होतो, पण दोन आकडे जुळत नाहीत एवढ्यावरून डॅशबोर्डच चुकला असं ठरत नाही. ते दोन आकडे एकाच गोष्टीचे आहेत का, हे आधी बघावं लागतं. बाईंनी तीन शक्यता तपासल्या. एक आकडा करासकट आणि दुसरा कराविना असेल का? मिठाईवर जीएसटी ५ टक्के आहे आणि इथे फरक बावीस टक्क्यांहून जास्त, तेव्हा ते शक्य नव्हतं. रद्द झालेली बिलं एकीकडे धरली आणि दुसरीकडे वगळली असतील का? तसं असतं तर बिलांची संख्याही जुळली नसती. तिसरी शक्यता वेळेची. डेटा ठेवणारे सर्व्हर पुष्कळदा ग्रिनिच वेळेवर चालतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. रात्रभर चालणाऱ्या व्यवसायात यामुळे आठवड्याच्या दोन्ही टोकांचे आकडे इकडचे तिकडे होतात. मिठाईची दुकानं सकाळी सातला उघडतात आणि रात्री अकराला बंद होतात, त्यामुळे एकही बिल त्या रेषेवर येत नाही.

मग त्यांनी डॅशबोर्डच्या मागचं टेबल उघडलं. मोठ्या कंपन्यांत हल्ली अशा माणसांना टेबलं बघण्यापुरती परवानगी असते; नसली तर डॅशबोर्डवरून सगळा तपशील एक्सेलमध्ये उतरवून घेऊनही हेच करता येतं. प्रश्न एकच विचारायचा: ओळी किती आणि त्यांत वेगवेगळी बिलं किती?

```sql
SELECT COUNT(*)                   AS total_rows,
       COUNT(DISTINCT invoice_no) AS bills
FROM sales_dashboard
WHERE bill_date BETWEEN '2025-10-06' AND '2025-10-12';
```

उत्तर आलं: ओळी ४,५७८, बिलं ४,२००. म्हणजे ३७८ ओळी जादा.

या छोट्याशा चौकशीतली कळीची जागा आहे `invoice_no`. कोणती ओळ ‘तीच’ आणि कोणती वेगळी, हे ठरवणारा रकाना नीट निवडला नाही तर पुढचं सगळं फसतं. मिठाईच्या दुकानात टोकन नंबरही असतो, आणि तो रोज सकाळी एकपासून सुरू होतो. टोकनवरून डुप्लिकेट शोधायला गेलं तर प्रत्येक दुकानातलं, प्रत्येक दिवसाचं टोकन क्रमांक १७ एकमेकांचं डुप्लिकेट ठरेल. तारीख, दुकान आणि रक्कम तिन्ही सारखी असली तरी ती ओळ डुप्लिकेट असेलच असं नाही. दहा मिनिटांच्या अंतराने दोन माणसं अर्धा-अर्धा किलो बाकरवडी घेऊन जाऊ शकतात. जीएसटीच्या बिलाचा क्रमांक मात्र भरवशाचा. नियमानुसार तो सोळा अक्षरांपर्यंतचा, क्रमवार आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा असावा लागतो. एकाहून जास्त मालिका चालवायची मुभा असल्याने दुकानागणिक वेगळं आद्याक्षर देता येतं. अट एवढीच लक्षात ठेवायची की ‘पुन्हा न येणारा’ ही हमी एका आर्थिक वर्षापुरती आहे. मार्च आणि एप्रिल एकत्र बघताना क्रमांकासोबत वर्षही धरलं नाही, तर खोटे डुप्लिकेट निघू शकतात.

आता सरासरी बिलाचं कोडंही उलगडतं. डॅशबोर्डवरचा बिलांचा आकडा वेगवेगळे बिल क्रमांक मोजून काढला होता. ओळी दोनदा आल्या तरी क्रमांक तोच, म्हणून तो आकडा बरोबर राहिला. रकमेची बेरीज मात्र ओळीओळीने होते. वर चुकीची बेरीज आणि खाली बरोबर संख्या, असा भागाकार झाला आणि पाचशेचं बिल ६१३ चं झालं. संख्या आणि बेरीज दोन्ही फुगल्या असत्या तर दुकानदारांशी बोलताना पहिल्याच दिवशी कुणी तरी हटकलं असतं. अर्धी चूक ही पूर्ण चुकीपेक्षा जास्त काळ लपते, आणि इथे तिला दिवाळीने आडोसा दिला होता.

पुढची पायरी ती ३६० बिलं उघडून बघण्याची. हो, ३६०. जादा ओळी ३७८ असल्या तरी त्या तितक्याच बिलांच्या नव्हत्या. प्रत्येक बिल किती वेळा आलं ते मोजल्यावर दिसलं की ३४२ बिलं दोनदा आली आहेत आणि १८ बिलं तीनदा. दोनदा आलेल्या बिलामागे एक ओळ जादा, तीनदा आलेल्यामागे दोन. ३४२ अधिक ३६, म्हणजे ३७८. त्या जादा ओळींतली रक्कम बेरजेला घेतली तर ती आली ४,७५,२०० रुपये. दोन अहवालांतला फरक नेमका इतकाच होता, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही.

सगळ्या पुराव्यातला हा भाग सर्वांत वजनदार. टेबलात काही डुप्लिकेट ओळी सापडल्या, एवढ्याने त्या फुगवट्याला त्याच जबाबदार आहेत असं सिद्ध होत नाही. डुप्लिकेटमुळे दोन लाख वाढले असतील आणि उरलेले पावणेतीन लाख भलत्याच कारणाने. फरक रुपयापर्यंत जुळला की ही शंका जवळपास मिटते. जुळला नाही, तरी ‘एवढा भाग समजला, एवढा उरला’ असं लिहिता येतं, आणि डेटा टीमला तेही फार उपयोगी पडतं.

ओळी नऊ टक्के जादा होत्या, पण रक्कम बावीस टक्क्यांहून जास्त फुगली. याचा अर्थ डुप्लिकेट झालेली बिलं मोठ्या रकमांची होती. पाचशेच्या सरासरीसमोर दोनदा आलेल्या बिलांची सरासरी बाराशे होती, आणि तीनदा आलेल्यांची अठराशे. चूक सगळ्या बिलांवर सारखी पसरलेली नाही, ती मोठी बिलं निवडून निवडून धरते आहे. मोठ्या बिलांचं वेगळं असं काय असतं? एक बिल उघडल्यावर उत्तर समोर आलं:

```text
invoice_no     amount   payment_mode
KTR-25-01873   1450     UPI
KTR-25-01873   1450     CASH
```

ग्राहकाने हजार रुपये यूपीआयने दिले होते आणि साडेचारशे रोख. बिल एक, पैसे देणं दोनदा. बिलांच्या टेबलात या व्यवहाराची एक ओळ आहे आणि पेमेंटच्या टेबलात दोन, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. ही दोन टेबलं बिल क्रमांकावरून जोडली की बिलाची ओळ प्रत्येक पेमेंटसमोर एकदा येते, आणि येताना बिलाची पूर्ण रक्कम घेऊन येते. लग्नातली आहेराची वही आठवावी. एकाच घराने पाकीट दिलं, साडी दिली आणि चांदीचा पेलाही दिला, तर वहीत त्या घराच्या तीन ओळी होतात. त्या वहीवरून जेवायला किती घरं आली ते मोजलं तर आकडा फुगणारच. वही लिहिणाऱ्याचा त्यात दोष नाही.

या प्रकाराला डेटावाले ‘फॅन-आउट’ म्हणतात. तो इतक्या वेळा घडतो याची मुळं खोलवर आहेत. एडगर कॉड यांनी १९७० साली डेटा टेबलांच्या रूपात मांडायचा सिद्धांत प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात एकसारख्या दोन ओळींना जागाच नव्हती. टेबल म्हणजे गणितातला संच, आणि संचात एक घटक एकदाच. पुढे आयबीएममध्येच तयार झालेल्या एसक्यूएल भाषेने ही अट सोडली. प्रत्येक उत्तरातून डुप्लिकेट गाळत बसणं यंत्राला महाग पडतं, आणि कित्येकदा ते गाळायचेही नसतात. कॉड यांना ही सवलत शेवटपर्यंत पटली नाही. दुकानाच्या काउंटरमागच्या डेटाबेसमध्ये निदान प्रायमरी की नावाचा पहारेकरी असतो. एकच बिल क्रमांक दुसऱ्यांदा घालायला गेलं तर तो अडवतो. पण डॅशबोर्ड ज्यांच्यावर चालतात त्या मोठ्या गोदामवजा यंत्रणांत, म्हणजे स्नोफ्लेक, रेडशिफ्ट, बिगक्वेरी यांत, प्रायमरी की लिहिता येते, पण सर्वसाधारण टेबलांवर ती सक्तीने पाळली जात नाही. पाटी लावलेली असते, पहारेकरी नसतो. ही गोष्ट ठाऊक नसलेले लोक ‘की आहे ना, मग डुप्लिकेट येतीलच कसे’ असं छातीठोकपणे सांगतात.

डुप्लिकेट येण्याचा हा एकच रस्ता नाही, आणि बाहेरून बघणाऱ्यालाही ओळींच्या चेहऱ्यावरून रस्ता ओळखता येतो. एखाद्या दिवसाचा डेटा चुकून दोनदा भरला गेला असेल, तर त्या दिवसाच्या सगळ्याच ओळी हुबेहूब दुप्पट होतात आणि बेरीज बरोबर दुपटीने वाढते. आदल्या-पुढच्या दिवसांना धक्काही लागत नाही. निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेने पोच न मिळाल्याने तोच निरोप परत पाठवला असेल, तर थोड्या ओळी, विखुरलेल्या, काही सेकंदांच्या किंवा मिनिटांच्या अंतराने दुप्पट दिसतात. पेमेंट कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हे उघड लिहिलेलं असतं की एकच सूचना एकाहून जास्त वेळा येऊ शकते, ती ओळखून गाळायची जबाबदारी घेणाऱ्याची. ऑर्डरची अवस्था बदलताना जुनी ओळ तशीच ठेवून नवी ओळ खाली जोडली गेली असेल, तर क्रमांक तोच पण एकीकडे ‘ऑर्डर मिळाली’ आणि दुसरीकडे ‘पोचली’ असं दिसतं. आपल्या उदाहरणात क्रमांक तोच, रक्कम तीच, आणि फक्त पैसे देण्याचा प्रकार वेगळा. ही फॅन-आउटची खूण.

एक प्रश्न उरतोच. थोडे पैसे रोख, थोडे यूपीआय हा काही त्या आठवड्यातला नवा रिवाज नव्हता. मग आधी गडबड का नव्हती? बाईंनी २९ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर या आठवड्यावर तीच चौकशी चालवली. पेमेंटच्या टेबलात दोन भागांत भरलेली बिलं त्याही आठवड्यात होती, पण डॅशबोर्डच्या टेबलात एकही बिल दोनदा आलेलं नव्हतं. म्हणजे ग्राहक बदलले नव्हते, टेबल बनवण्याची रीत बदलली होती. डॅशबोर्डवर ‘पैसे कसे दिले’ हे निवडायचं नवं बटण ६ ऑक्टोबरलाच दिसू लागलं होतं, ते इथे आठवलं. जुने आठवडे शाबूत राहिले, कारण हे टेबल रोज रात्री मुळापासून बनत नव्हतं. फक्त नव्या दिवसाच्या ओळी त्यात जोडल्या जात होत्या. तोच बदल सगळं टेबल नव्याने बनवून झाला असता, तर वर्षभराचे आकडे एका रात्रीत फुगले असते, आणि कदाचित लवकर लक्षात आले असते.

या सगळ्या शोधानंतर लिहिलेला मेसेज असा:

> विषय: विक्री डॅशबोर्ड – ६ ते १२ ऑक्टोबरची एकूण विक्री ४,७५,२०० रुपयांनी जास्त दिसते, बिलं दोनदा-तीनदा आली आहेत
>
> नमस्कार,
>
> विक्री डॅशबोर्डवर ६ ते १२ ऑक्टोबरची (दोन्ही दिवस धरून, सगळी दुकानं) एकूण विक्री २५,७५,२०० रुपये दिसते. बिलिंगच्या अहवालात त्याच दिवसांची विक्री २१,००,००० आहे. दोन्ही आकडे करासकट आहेत आणि बिलांची संख्या दोन्हीकडे ४,२०० आहे.
>
> `sales_dashboard` मध्ये या दिवसांच्या ४,५७८ ओळी आहेत, वेगळे `invoice_no` ४,२००. ३४२ बिलं दोनदा आणि १८ बिलं तीनदा आली आहेत. जादा ३७८ ओळींतली रक्कम ४,७५,२०० भरते, म्हणजे पूर्ण फरक यातच आहे.
>
> उदाहरण: `KTR-25-01873`. `bills` मध्ये १ ओळ, रक्कम १,४५०. `payments` मध्ये २ ओळी (UPI १,०००, CASH ४५०). `sales_dashboard` मध्ये २ ओळी, दोन्हींत १,४५०. सगळ्या ३६० बिलांची यादी सोबतच्या फाइलमध्ये आहे. तीत फक्त बिल क्रमांक आणि रक्कम आहे, ग्राहकांची नावं किंवा फोन नंबर नाहीत.
>
> सुरुवात: पहिलं दोनदा आलेलं बिल ६ ऑक्टोबरचं. आदल्या आठवड्यात दोन भागांत भरलेली बिलं होती, पण `sales_dashboard` मध्ये ती एकदाच आहेत.
>
> आमचा अंदाज (खात्री नाही): `payment_mode` जोडताना `payments` शी झालेला जॉइन. टेबल बनवणारा कोड आम्ही पाहिलेला नाही. ऑनलाइन ऑर्डर आणि परत केलेल्या मालाचे आकडे तपासलेले नाहीत.
>
> उद्या, मंगळवारी ११ वाजता खवा-तुपाच्या मागणीची बैठक आहे. तिच्यासाठी आम्ही बिलिंगचाच अहवाल वापरत आहोत. डॅशबोर्डवर तोवर ‘६ ऑक्टोबरपासूनची विक्री तपासणीत’ अशी सूचना लावता येईल का?
>
> चौकशी १३ ऑक्टोबरला सकाळी १०.४० ला चालवली. तिचा मजकूर खाली दिला आहे.

मेसेजची काही वैशिष्ट्यं सहज नजरेत भरत नाहीत. आकडा विषयातच आहे, त्यामुळे शंभर मेसेजांच्या रांगेतही याची निकड कळते. डेटा टीमला स्वतःहून पडताळता येईल असं एक ठोस बिल आहे. तीन टेबलांत तो एक क्रमांक टाकला की दोन मिनिटांत खरं-खोटं होतं. चौकशीची वेळ लिहिली आहे, कारण टेबल रोज रात्री बदलतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला ४,५७८ ऐवजी वेगळा आकडा मिळाला तर ‘आमच्याकडे तर असं दिसत नाही’ यावर वाद नको. अंदाज आणि पाहिलेली गोष्ट यांच्यात स्पष्ट रेघ आहे. कारणाचा अंदाज चुकला तरी मेसेजातला एकही आकडा खोटा पडत नाही. कोण चुकलं याबद्दल मात्र चकार शब्द नाही. तो असता तर उत्तर आलं असतं, पण आधी खुलासा आला असता आणि मग दुरुस्ती.

ग्राहकांचे फोन नंबर न पाठवण्याची काळजी अनेकांना जादा वाटेल. पण अशा फाइली पुढे फिरत राहतात, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही निव्वळ सभ्यतेची बाब राहिलेली नाही. डुप्लिकेट दाखवायला बिल क्रमांक पुरतो.

बाईंनी मेसेजात एक गोष्ट मुद्दाम लिहिली नाही: ‘डिस्टिंक्ट लावून टाका.’ डुप्लिकेट म्हटलं की हा सल्ला हमखास येतो. इथे तो दोन्ही अंगांनी फसला असता. संपूर्ण ओळीवर `DISTINCT` लावलं तर काहीच गळालं नसतं, कारण यूपीआयची ओळ आणि रोखीची ओळ हुबेहूब सारखी नाही. आणि `SUM(DISTINCT amount)` असं लिहिलं तर वेगवेगळ्या माणसांची पाचशे-पाचशे रुपयांची सगळी बिलं मिळून एकदाच पाचशे धरले गेले असते. फुगलेला आकडा एका झटक्यात कुपोषित झाला असता, आणि हा नवा आकडा आणखीच अवघड, कारण त्यात कुठे काय गळलं ते ओळी बघून कळत नाही. चुकीच्या जॉइनवर `DISTINCT` चं पांघरूण घातलेली जुनी टेबलं अनेक कंपन्यांत सापडतात. ती उकलणं हे नव्या माणसाच्या वाट्याला येणारं फार कंटाळवाणं काम असतं.

योग्य दुरुस्ती जोडण्याच्या आधीची. पेमेंटच्या ओळी आधी बिलागणिक एक करायच्या आणि मग बिलाला जोडायच्या:

```sql
SELECT b.invoice_no, b.amount, p.modes
FROM bills b
LEFT JOIN (
  SELECT invoice_no, STRING_AGG(mode, '+' ORDER BY mode DESC) AS modes
  FROM payments
  GROUP BY invoice_no
) p ON p.invoice_no = b.invoice_no;
```

आता `KTR-25-01873` ची एकच ओळ येते आणि तिच्यात `UPI+CASH` असं दिसतं. कोड बदलला तरी आधीच साठलेल्या ओळी आपोआप जात नाहीत. ६ ऑक्टोबरपासूनचे दिवस पुसून नव्याने भरावे लागतात. आणि तेवढ्यानेही भागत नाही. त्या आठवड्यात डॅशबोर्डवरून ईमेलने आपोआप गेलेले अहवाल, कुणी सादरीकरणात चिकटवलेली चित्रं, कुणी एक्सेलमध्ये उतरवून घेतलेली कोष्टकं, यांत पंचवीस लाख पंचाहत्तर हजार तसेच राहतात. टेबल दुरुस्त केल्याचा निरोप ज्यांच्याकडे जुना आकडा गेला त्या सगळ्यांना, जुना आणि नवा आकडा शेजारी लिहून, धाडावा लागतो. बहुतेक ठिकाणी राहून जातं ते हेच.

ही चूक परत आली तर सकाळी कुणाच्या नजरेस पडायच्या आधी पकडता यावी म्हणून रोज रात्रीच्या कामात एक तपासणी घालतात. डीबीटी या लोकप्रिय साधनात `unique` आणि `not_null` या दोन तयार तपासण्या आहेत. `invoice_no` समोर त्या लिहिल्या की एकही क्रमांक दोनदा आला किंवा रिकामा राहिला तर सूचना येते. गंमत म्हणजे ही तपासणी बिलांच्या मूळ टेबलावर लावून काही उपयोग नसतो. तिथे सगळं ठीकच होतं. ती लावायला हवी जोडून झालेल्या शेवटच्या टेबलावर, जिथून डॅशबोर्ड वाचतो. आणि याही तपासणीला मर्यादा आहे: बिलिंगनेच एक बिल दोन वेगळ्या क्रमांकांनी नोंदवलं, तर ती काहीच बोलणार नाही. त्यासाठी रोजची बेरीज बिलिंगच्या बेरजेशी लावून बघण्याला पर्याय नाही.

दुरुस्तीनंतर विक्री विभागाकडून एक तक्रार मात्र आली. पैसे देण्याच्या प्रकारानुसार विक्री दाखवणारा नवा तक्ता त्यांना हवाच होता, आणि `UPI+CASH` असल्या जोडनावांनी तो निरुपयोगी झाला होता. यूपीआयने एकूण किती आले ते कळेना. हा तक्ता बिलांच्या रकमेवर चालवणंच चूक होतं. तो पेमेंटच्या टेबलावर, प्रत्येक पेमेंटच्या स्वतःच्या रकमेवर, वेगळा बांधला गेला. तिथे `KTR-25-01873` चे हजार यूपीआयखाली आणि साडेचारशे रोखीखाली जातात, आणि सगळ्या प्रकारांची बेरीज २१ लाखच भरते. त्या तक्त्याच्या कोपऱ्यात त्या आठवड्यात किती पेमेंट झाली तेही लिहिलेलं असतं. तो आकडा आहे ४,५७८, आणि तिथे तो बरोबर आहे.